संशयास्पद मेल: कळवायचा, पण पसरवायचा नाही

विप्रोचं मुख्यालय बंगळुरूतल्या सरजापूर रोडवर आहे. १५ एप्रिल २०१९ रोजी ब्रायन क्रेब्स या अमेरिकी पत्रकाराने बातमी दिली, की विप्रोच्या यंत्रणेत बाहेरची माणसं शिरली आहेत आणि तिथून विप्रोच्याच ग्राहक कंपन्यांवर हल्ले होत आहेत. काही कर्मचाऱ्यांची खाती फिशिंगच्या मोहिमेत सापडली होती, हे पुढे कंपनीने मान्य केलं. क्रेब्सच्या पाठोपाठच्या बातम्यांतून दिसलं, की हल्लेखोरांना हवी होती गिफ्ट कार्डं. म्हणजे हेरगिरी वगैरे काही नाही, सरळ भुरटी चोरी. पण तिच्यासाठी वापरली गेली एका मोठ्या कंपनीच्या नावाची पत. ओळखीच्या ठिकाणाहून आलं म्हणून समोरच्याने उघडलं, एवढीच त्यातली युक्ती.

त्या बातम्यांत हल्लेखोरांनी वापरलेल्या पत्त्यांचा एक नमुना होता. तो असा:

```
securemail.wipro.com.internal-message[.]app
```

शेवटच्या टिंबाभोवतीचे कंस मुद्दाम घातले आहेत. त्यामुळे पत्ता वाचता येतो, पण त्याची लिंक होत नाही. आपला डोळा डावीकडून वाचत जातो, `wipro.com` दिसलं की निश्चिंत होतो आणि थांबतो. खरा मालक मात्र उजवीकडे असतो. सुरुवातीचं `https://` सोडून पहिल्या तिरप्या रेघेच्या आधीचे शेवटचे दोन तुकडे घ्यायचे (शेवट `.co.in` असेल तर तीन), ते साइटचं खरं नाव. इथे ते `internal-message.app` आहे. त्याच्या डावीकडे कुणीही काहीही लिहू शकतं, अगदी तुमच्या कंपनीचं नावसुद्धा.

मी बंगळुरूत आउटर रिंग रोडवरच्या एका कंपनीत सुरक्षेच्या कामात आहे. असे मेल कसे ओळखायचे यावर आमच्याकडे दरवर्षी ट्रेनिंग होतं, प्रश्नोत्तरं होतात, पास झालात की प्रमाणपत्रही मिळतं. ओळखल्यावर पुढे काय करायचं, याला त्या ट्रेनिंगमध्ये एक स्लाइड असते: ‘सिक्युरिटी टीमला कळवा.’ कसं कळवायचं, काय द्यायचं, काय करायचं नाही, हे कुणी सांगत नाही. खरा घोळ तिथेच होतो.

असाच एक घोळ सांगते. जून महिना होता. नोकरदारांना फॉर्म १६ मिळायची मुदत १५ जून, त्यामुळे पगारवाल्या माणसाचं निम्मं लक्ष त्याच्याकडे. त्या आठवड्यात सकाळी पावणेअकराच्या सुमारास काही जणांना मेल आला: ‘तुमच्या फॉर्म १६मध्ये तफावत आहे, खालील लिंकवर लॉगिन करून तपासा.’ पाठवणाऱ्याचं नाव एचआरचं. लेखा विभागातल्या एका मॅडमना तो खटकला, कारण आमच्याकडे फॉर्म १६ पोर्टलवर येतो, मेलमधल्या लिंकने नाही. त्यांचं निदान अगदी बरोबर होतं. मग त्यांनी तो मेल आपल्या मजल्यावरच्या चाळीसेक जणांच्या ग्रुपला फॉरवर्ड केला आणि वर लिहिलं: ‘हा खरा आहे का? कुणी उघडून बघितलाय का?’

दोन जणांनी उघडून बघितला.

यात मॅडमना दोष द्यायला माझं मन घेत नाही. चाळीत विचित्र पत्र आलं तर माणूस शेजाऱ्याला दाखवतोच. पण मेलच्या बाबतीत फॉरवर्ड केल्याने तीन गोष्टी एकदम बिघडतात. पहिली, बाहेरून आलेल्या मेलवर आमची यंत्रणा ‘बाहेरचा मेल’ अशी पिवळी पट्टी लावते. आता तो मॅडमच्या नावाने आतूनच आला, त्यामुळे ग्रुपमधल्या बहुतेकांना वरचा मेल पट्टीविना दिसला. दुसरी, ज्या चाळीस जणांपर्यंत चोर पोचला नव्हता, त्यांच्यापर्यंत लिंक पोचली आणि तीही विश्वासातल्या माणसाच्या हातून. तिसरी गोष्ट आम्हाला नडली. मूळ मेल कुठून निघाला, कोणत्या सर्व्हरमधून फिरत आला, याची नोंद फॉरवर्ड करताना गळून पडते.

ही नोंद म्हणजे हेडर. पोस्टाच्या पाकिटावरचे शिक्के आठवा. आत पत्र कुणाचंही नाव लावून लिहिलेलं असू शकतं, पण शिक्के बघितले की ते कोणत्या गावाहून निघालं ते कळतं. मेलच्या हेडरमध्ये `Received` या नावाच्या ओळी असतात, प्रत्येक सर्व्हरची एक. `Return-Path` आणि `Reply-To` या ओळींवरून कळतं, की मेल परत फिरला किंवा तुम्ही उत्तर दिलंत तर ते नक्की कुणाकडे जाईल. `Authentication-Results` या ओळीत दिसणारं पाठवणाऱ्याचं डोमेन तपासणीत उतरलं की नाही ते लिहिलेलं असतं. शिवाय `Message-ID` असतो, मेलचा आपला क्रमांक. साधं फॉरवर्ड म्हणजे पत्रातला मजकूर आपल्या हाताने नव्या कागदावर उतरवून नव्या पाकिटात घालणं. सगळे शिक्के गेले. स्क्रीनशॉटचंही तेच.

म्हणून पाकिटासकट पाठवायचं. तुमच्या मेलमध्ये कंपनीने दिलेलं ‘रिपोर्ट’चं बटण असेल, तर तेच दाबा. बटण दाबल्यावर मेल इनबॉक्समधून नाहीसा होतो, त्याने घाबरू नका, तो टीमकडे गेलेला असतो. बटण नसेल तर मेल जोडपत्र म्हणून पाठवायचा. विंडोजवरच्या जुन्या आउटलुकमध्ये तो मेल निवडून `Ctrl+Alt+F` दाबा. नवा मेल उघडतो आणि संशयास्पद मेल त्याला फाइल म्हणून चिकटलेला असतो. जीमेलच्या ब्राउझरमधल्या रूपात मेल निवडून तीन टिंबांच्या मेनूतला `Forward as attachment` घ्या. तेही जमत नसेल तर `Show original` उघडून तिथून मूळ मेल उतरवून घेता येतो. जीमेलमध्ये `Report phishing` असंही दिसतं. ते दाबल्याने गूगलला कळतं आणि ते चांगलंच आहे, पण तुमच्या कंपनीच्या टीमला ते कळेलच असं नाही. त्यामुळे त्यांना वेगळं कळवा.

मेल फोनवर बघितला असेल तर ही सोय तिथे सहसा सापडत नाही. अशा वेळी साधं फॉरवर्ड करू नका. मेल आहे तिथे राहू द्या, पुसू नका, आणि टीमला नुसता निरोप द्या: अमक्या वेळेला, अमक्या पत्त्यावरून, अमक्या विषयाचा मेल आला आहे, लॅपटॉपवर बसलो की मूळ पाठवतो. एवढ्यावरसुद्धा आम्हाला काम सुरू करता येतं. कधी कधी जोडलेला मेल आमच्याच गाळणीत अडकतो आणि तुम्हाला ‘पोचला नाही’ असं परत येतं. त्याचा अर्थ तुमचं चुकलं असा नाही. फोन करा, पासवर्ड लावलेल्या झिपमध्ये पाठवायचा की टीमनेच तुमच्या इनबॉक्समधून उचलायचा, ते सांगतील.

आता निरोपात काय लिहायचं. त्या जूनमधल्या प्रकरणात आम्हाला दुपारपर्यंत मिळालेले निरोप बहुतेक असे होते: ‘मॅडम, स्पॅम मेल येतायत, जरा बघा.’ बघायचं कुठे? आमच्याकडे दिवसाला येणाऱ्या मेलची संख्या हजारांत आहे. त्याच दिवशी चाचणी विभागातल्या एका मुलाने पाठवलेला निरोप मात्र मी अजून नव्या मंडळींना दाखवते. पत्ते बदलून आणि मराठीत करून देते:

```
विषय: संशयास्पद मेल – फॉर्म १६ – लिंक उघडलेली नाही

मेल मिळाला: आज सकाळी १०:४६, ऑफिसच्या पत्त्यावर
दिसणारं नाव: HR Payroll
खरा पत्ता: payroll@form16[.]test
मेलचा विषय: Form 16 mismatch - action required
लिंक: hxxps://hr.example.com.form16[.]test/...
मी काय केलं: मेल वाचला. लिंकवर क्लिक नाही, उत्तर नाही.
उपकरण: ऑफिसचा लॅपटॉप, घरच्या वायफायवर
आणखी कुणाला: टीममधल्या दोघांना आल्याचं ते म्हणाले
संशय का: फॉर्म १६ नेहमी पोर्टलवर येतो
मूळ मेल जोडला आहे. कुणालाही फॉरवर्ड केलेला नाही.
```

हे लिहायला त्याला तीन-चार मिनिटं लागली असतील. यातली प्रत्येक ओळ आमच्या एकेका कामाला लागली. खऱ्या पत्त्यावरून आणि वेळेवरून आम्ही मेल सर्व्हरच्या नोंदीत शोधलं, की हाच मेल आणखी कुणाकुणाच्या इनबॉक्समध्ये पडला आहे, आणि तो सगळीकडून एकदम काढून घेतला. लिंकमधलं साइटचं नाव घेऊन तिकडे जाणारी वाट बंद केली. त्याच नावावरून हेही कळलं, की ऑफिसच्या नेटवर्कमधून तिकडे आधीच कोण जाऊन आलं. ‘घरच्या वायफायवर’ हे शब्द फालतू वाटतील, पण घरून काम करणारा माणूस ऑफिसच्या वाटेने इंटरनेटवर जात नसेल, तर त्याची भेट त्या नोंदीत दिसत नाही आणि आम्हाला दुसरीकडे शोधावं लागतं. ‘क्लिक नाही’ या दोन शब्दांनी तो मुलगा यादीतून बाजूला झाला आणि आम्ही ज्यांनी क्लिक केलं होतं त्यांच्याकडे वळलो.

त्याने लिंक लिहिताना `http`च्या जागी `hxxp` केलं आहे आणि टिंब कंसात घातलं आहे, तेही लक्षात घ्या. सुरक्षेच्या कामातली ही जुनी रीत. कुणाचंही बोट चुकून पडलं तरी काही उघडत नाही. लिंकचा पत्ता मिळवायला ती उघडावी लागत नाही. लॅपटॉपवर बाण तिच्यावर नुसता टेकवला, की खालच्या कोपऱ्यात किंवा चौकटीत पत्ता दिसतो. लिंकची शेपटी, म्हणजे प्रश्नचिन्हानंतरची लांबलचक अक्षरं, त्याने गाळली आणि ठिपके दिले. त्या शेपटीत अनेकदा ज्याला मेल आला त्याची खूण असते, कधी त्याचा पत्ताच गुंडाळून ठेवलेला असतो. टीमला हवी असेल तर ती जोडलेल्या मूळ मेलमध्ये आहेच.

हीच शेपटी आणखी एका हौसेच्या आड येते. आपल्या बंगळुरूत निम्मी माणसं संगणकवाली, त्यामुळे ‘मी जरा तपासून बघतो’ हा आजार इथे जास्त. कुणी लिंक किंवा जोडपत्र व्हायरसटोटलसारख्या साइटवर टाकतं. त्या साइट उत्तम आहेत, आम्हीही वापरतो. पण तिथे टाकलेली फाइल त्या सेवेच्या इतर सदस्यांनाही मिळू शकते. जोडपत्रात तुमच्या ग्राहकाचं नाव, बिल, करार असं काही असेल तर ते तुम्ही स्वतःच बाहेर नेऊन ठेवलंत. लिंक तपासायला टाकली आणि त्या यंत्राने ती उघडली, तर शेपटीतल्या खुणेवरून चोराला कळतं, की अमक्याचा मेल पोचला आणि कुणीतरी दखल घेतली. तपासणी टीमवर सोडा.

मेलला उत्तर देऊन ‘हे खरंच तुम्ही पाठवलं का’ असं विचारू नये, हे बहुतेकांना कळतं. पण मेल ओळखीच्या माणसाकडून आला असेल तर तेच लोक बिनदिक्कत विचारतात. विप्रोच्या प्रकरणाने हेच शिकवलं: कधी पत्ता खरा असतो, खातं खरं असतं, आत बसलेला माणूस दुसरा असतो. तुमच्या प्रश्नाला ‘हो, मीच पाठवला, उघडा’ असं उत्तर येईल आणि ते देणारा चोरच असेल. विचारायचंच असेल तर फोन करा, आणि नंबर मेलमधला नको, तुमच्याकडे आधीपासून असलेला घ्या. ग्राहक कंपनीकडून असा मेल आला, तर त्यांना कळवायचं कामही आपल्या टीममार्फतच होऊ द्या. तिकडच्या टीमला नुसता संशय नको असतो, हेडर हवे असतात.

व्हॉट्सॲप ग्रुपचं काय? टीमच्या, कॅबच्या, अपार्टमेंटच्या ग्रुपवर ‘सावधान’ म्हणून संदेश टाकायची घाई सगळ्यांनाच असते. लिंक तिथे चिकटवलीत, की खाली चित्रासकट छोटी झलक येते ना, ती बनवायला तुमचाच फोन त्या साइटवर जाऊन येतो. म्हणजे न उघडता तुम्ही ती उघडलीत. स्क्रीनशॉट टाकलात आणि त्यात क्यूआर कोड असला, तर तो कोड चाळीस फोनवर स्कॅन व्हायला तयार. हल्ली लिंकऐवजी क्यूआर देणारे मेल येतात, कारण चित्रातली लिंक गाळणीच्या नजरेतून सुटू शकते आणि माणूस स्कॅन करतो तो आपल्या फोनने, जिथे ऑफिसची राखण नसते. सगळ्यांना सावध करायचं काम आमचं. आम्ही तो संदेश बिनलिंकेचा, बिनचित्राचा लिहितो: ‘फॉर्म १६ विषयाचा मेल आला असेल तर उघडू नका, काढून घेतला जात आहे.’ शेजारच्या टेबलावरच्याला तोंडी सांगायला काहीच हरकत नाही. तोंडाला लिंक नसते.

आता सर्वांत अवघड निरोप: ‘मी क्लिक केलं.’

जूनमध्ये ज्या दोघांनी उघडलं, त्यातल्या एकाने दहा मिनिटांत फोन केला. पासवर्ड टाकला, फोनवर आलेल्या सूचनेला ‘मंजूर’ही केलं, असं सरळ सांगितलं. आम्ही त्याचं खातं सगळ्या उपकरणांवरून बाहेर काढलं, पासवर्ड बदलायला लावला, मेलबॉक्समध्ये कुणी गुपचूप नियम करून ठेवला आहे का ते पाहिलं. (चोर आत आला की तो अनेकदा असा नियम करतो, म्हणजे त्याला येणारी उत्तरं तुम्हाला दिसू नयेत.) अर्ध्या तासात विषय संपला. दुसऱ्याने घाबरून पासवर्ड बदलला, ब्राउझरची हिस्टरी पुसली, मेल डिलीट केला आणि गप्प बसला. त्याला वाटलं, पासवर्ड बदलला म्हणजे झालं. पण चोराने एकदा लॉगिन केलं की त्याच्याकडे चालू सत्राची किल्ली असते आणि नुसता पासवर्ड बदलून ती दरवेळी बाद होतेच असं नाही. संध्याकाळी त्याच्या खात्यातून बाहेरच्या पुरवठादारांना मेल जायला लागले, तेव्हा आम्हाला कळलं. पुसलेल्या हिस्टरीमुळे त्याने नक्की किती वाजता काय केलं, हे जुळवायला दुसरा दिवस गेला.

तेव्हा क्लिक झालं असेल तर निरोपाच्या पहिल्याच ओळीत ते येऊ द्या, आणि शक्यतो फोनवर. किती वाजता, कोणत्या उपकरणावर, काय काय भरलं, फोनवरची सूचना मंजूर केली का, ओटीपी दिला का, फाइल उतरवून उघडली का, एवढं सांगा. पासवर्ड काय होता ते सांगू नका, आम्हालाही नाही. फाइल उघडली असेल तर वायफाय बंद करा, तार असेल तर काढा, पण लॅपटॉप बंद करू नका, कारण चालू मशीनच्या स्मृतीत जे पुरावे असतात ते बंद केल्यावर जातात. बँकेचे तपशील दिले असतील किंवा पैसे गेले असतील तर ऑफिसची वाट बघत बसू नका. आधी बँकेला आणि १९३० या सरकारी क्रमांकावर कळवा, मग आम्हाला.

वेळेचा इतका धोशा का, त्याला एक कायदेशीर कारणही आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार, ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कंपनीने त्यांना कळवाव्या लागतात. फिशिंग त्या यादीत आहे. तो अहवाल पाठवायचं काम तुमचं नाही, टीमचं आहे. पण तुम्ही ‘उद्या सकाळी सांगू’ म्हणून ठेवलेला मेल त्या सहा तासांच्या हिशेबात अडचणीचा ठरतो, आणि चोराला रात्र मोकळी मिळते ती वेगळीच.

कधी कधी तुम्ही कळवलेला मेल आम्हीच परीक्षेसाठी पाठवलेला निघतो. काही जण त्याने चिडतात. कधी तो खरोखर एचआरचाच निघतो, आणि लिंक इतकी वाईट बनवलेली असते की आम्हीच एचआरला जाऊन चार शब्द सुनावतो. दोन्ही वेळा तुमचा निरोप वाया गेलेला नसतो. पंधरा खोट्या हाका आल्या तरी चालतील, सोळावी दाबून ठेवू नका.

एक काम मात्र आजच करा. तुमच्या कंपनीच्या सुरक्षा टीमचा मेल पत्ता आणि फोन नंबर शोधा आणि कागदावर लिहून पाकिटात किंवा टेबलाच्या खणात ठेवा. लॅपटॉप नेटवरून काढल्यावर कंपनीची डिरेक्टरी उघडत नाही.